डिलीट झालेल्या चॅटमधला प्रॉम्प्ट परत कसा मिळवायचा

उत्तर फाईलमध्ये आहे, ते कसं मिळालं हेच गेलंय. काही आठवड्यांपूर्वी एआयकडून एखादं काम फार छान करून घेतलं, उत्तर कॉपी करून ठेवलं आणि नंतर यादी साफ करताना ते चॅट उडवलं. आता तसंच काम पुन्हा आलंय. आठवेल तसा प्रॉम्प्ट लिहिला तर उत्तर येतं, पण त्याला ती धार नसते.

आधी स्पष्ट सांगतो, चॅटजीपीटीत डिलीट केलेलं चॅट परत आणायची सोय नाही. ते लगेच दिसेनासं होतं आणि कंपनीच्या सर्व्हरवरून साधारण 30 दिवसांत कायमचं काढलं जातं. मधल्या काळातही सपोर्टला लिहून ते परत मिळत नाही. क्लॉडचा नियम जवळपास असाच आहे. जेमिनीत चॅट डिलीट केलं की त्याची अॅक्टिव्हिटीतली नोंदही जाते. त्यामुळे ‘रिकव्हरी सॉफ्टवेअर’ विकणाऱ्यांच्या नादी लागू नका. चॅट तुमच्या डिस्कवर साठवलेलं नव्हतंच, तर ते सॉफ्टवेअर काढणार कुठून?

पण प्रॉम्प्ट फक्त चॅटमध्ये नसतो. तो टाईप करताना, पेस्ट करताना आणि उत्तर वापरताना आजूबाजूला खुणा राहतात. आधी त्या शोधायच्या आणि जे सापडणार नाही ते उत्तरावरून उलट बांधत आणायचं. माझ्या एका सहकारी मैत्रिणीचं प्रकरण उदाहरणासाठी घेतो. यंत्रांच्या तपासणीच्या 40 पानी अहवालाचा तिने व्यवस्थापनासाठी एका पानाचा सारांश करून घेतला होता. तो सगळ्यांना आवडला. पुढचा अहवाल आला तेव्हा जुनं चॅट नव्हतं.

## आधी खात्री करा की ते खरंच डिलीट झालंय

‘डिलीट झालं’ म्हणणाऱ्यांपैकी काहींचं चॅट नुसतं आर्काइव्ह झालेलं असतं. चॅटजीपीटीत `Settings` → `Data controls` → `Archived chats` इथे बघा. चॅट एखाद्या प्रोजेक्टमध्ये हलवलं असेल तर त्या प्रोजेक्टमध्ये जाऊन बघा. ऑफिसचं आणि घरचं अशी दोन खाती असतील, किंवा एकाच खात्यात वैयक्तिक आणि कंपनीचं अशी दोन वर्कस्पेस असतील, तर दोन्हीकडे शोधा. खातं कंपनीचं असेल तर अॅडमिनला आजच विचारा. अशा खात्यांत नोंदी किती दिवस ठेवायच्या हे कंपनी ठरवते, आणि ती मुदत टळली की अॅडमिनच्याही हातात काही राहत नाही.

चॅट टेम्पररी मोडमध्ये केलं असेल तर ते इतिहासात कधी आलंच नव्हतं. मग या भागावर वेळ न घालवता पुढे चला.

आणखी एक गोष्ट आत्ताच करा. दुसऱ्या लॅपटॉपवर किंवा टॅबवर ते चॅट उघडं राहिलंय का, ते बघा. उघडं असेल तर पान रिफ्रेश करू नका. स्क्रीनवर आलेला मजकूर ब्राउझरच्या मेमरीत असतो, सर्व्हरवरून चॅट गेलं तरी तो दिसत राहू शकतो. सगळा निवडून तिथल्या तिथे कॉपी करून घ्या.

## तारीख आणि वेळ पक्की करा

बहुतेक जण ही पायरी गाळतात, आणि पुढचा सगळा शोध हिच्यावरच उभा असतो. ‘तीन-चार आठवड्यांपूर्वी’ एवढ्यावर शोधायला बसलात तर हजार गोष्टी चाळाव्या लागतील. दिवस आणि तास कळला तर मोजक्याच जागा बघायच्या उरतात.

क्रोम आपल्या डिव्हाइसवर साधारण 90 दिवसांचा इतिहास ठेवतो. `chrome://history` उघडा आणि शोधाच्या चौकटीत `chatgpt.com/c/` टाका. क्लॉडसाठी `claude.ai/chat/` टाका. प्रत्येक चॅटचा पत्ता वेगळा असतो आणि चॅट डिलीट झालं तरी ब्राउझरच्या इतिहासातली ओळ जात नाही. त्या ओळीवर क्लिक केलंत तर चॅट सापडत नाही एवढंच कळेल. पण ओळीतून दोन कामाच्या गोष्टी मिळतात: वेळ आणि शीर्षक.

शीर्षकाकडे नीट बघा. तुम्ही स्वतः बदललं नसेल तर ते तुमच्या पहिल्या संदेशावरून आपोआप तयार झालेलं असतं. मैत्रिणीला इतिहासात ‘निर्णयासाठी एकपानी सारांश’ अशा अर्थाचं शीर्षक सापडलं. आपण ‘अहवालाचा सारांश कर’ एवढंच लिहिलं होतं, असं तिला ठाम वाटत होतं. शीर्षकात ‘निर्णय’ आला, म्हणजे पहिल्याच संदेशात निर्णयाचा काहीतरी उल्लेख असणार, हा पहिला धागा तिथे मिळाला.

काम फोनच्या अॅपवर केलं असेल तर ब्राउझरमध्ये काहीच दिसणार नाही. मग उत्तर जिथे पेस्ट केलं त्या फाईलची वेळ, ते पाठवल्याचा मेल, अपलोड केलेली मूळ फाईल कधी डाउनलोड झाली, यांवरून वेळ काढा.

## प्रॉम्प्टची प्रत आणखी कुठे राहिलीय का

वेळ कळली की तिच्या आसपासच्या जागा धुंडाळा. लांबलचक प्रॉम्प्ट बरेच जण थेट चॅटच्या चौकटीत लिहीत नाहीत. आधी नोट्समध्ये, मेलच्या ड्राफ्टमध्ये किंवा स्वतःलाच पाठवलेल्या व्हॉट्सअॅप मेसेजमध्ये लिहितात आणि तिथून चिकटवतात. हे शोधताना विषयाचा शब्द टाकू नका. ‘अहवाल’ शोधलं तर शेकडो गोष्टी निघतील. सूचनेत येणारे शब्द शोधा: ‘शब्दांत’, ‘तक्ता नको’, ‘एका पानात’, ‘समज की तू’. असे शब्द प्रॉम्प्टबाहेर फारसे येत नाहीत.

स्क्रीनशॉट काढायची सवय असेल तर गुगल फोटोज किंवा आयफोनच्या फोटोजमध्ये तेच शब्द शोधा. चित्रातला मजकूर दोन्हीकडे शोधता येतो. मराठी अक्षरं नीट ओळखली गेली नाहीत तर तारखेने त्या दिवसाचे स्क्रीनशॉट चाळा.

क्लिपबोर्डवर फार भिस्त ठेवू नका. विंडोजची `Win + V` यादी 25 नोंदीच धरते आणि पिन न केलेल्या नोंदी कॉम्प्युटर रीस्टार्ट झाला की जातात. फोनवरच्या जीबोर्ड कीबोर्डमध्ये पिन न केलेली नोंद तासाभरात निघून जाते. मात्र डिट्टो किंवा कॉपीक्यूसारखं वेगळं क्लिपबोर्ड मॅनेजर टाकलेलं असेल तर त्यात जुन्या नोंदी टिकून असू शकतात, ते जरूर उघडा.

यानंतर डाउनलोड फोल्डर आणि मेल. पूर्वी कधी तुम्ही चॅटजीपीटीचा डेटा एक्सपोर्ट मागवला होता का? आज मागवलेल्या एक्सपोर्टमध्ये डिलीट केलेलं चॅट येणार नाही. पण डिलीट करण्याआधी उतरवलेली झिप फाईल पडून असेल तर तिच्यात ते जसंच्या तसं आहे. मेलमधली डाउनलोड लिंक 24 तासांत बाद होते, म्हणून लिंक नको, उतरवलेली फाईल शोधा.

झिपमधल्या `conversations.json` मध्ये मराठी शब्द थेट शोधलात तर कधी कधी काहीच सापडत नाही, कारण देवनागरी अक्षरं तिथे `\u0905` अशा संकेतांत लिहिलेली असू शकतात. ही छोटी पायथन स्क्रिप्ट ते संकेत उलगडते आणि तुमच्या संदेशांपैकी ‘एका पानात’ हे शब्द असलेलेच दाखवते, त्या शब्दांच्या जागी तुमचे शब्द घाला:

```
import json
data = json.load(open("conversations.json", encoding="utf-8"))
for c in data:
    for n in c["mapping"].values():
        m = n.get("message")
        if not m or m["author"]["role"] != "user":
            continue
        parts = m["content"].get("parts", [])
        t = " ".join(p for p in parts if isinstance(p, str))
        if "एका पानात" in t:
            print(c["title"], "\n", t, "\n---")
```

या फाईलची एक खुबी आहे. तुम्ही पाठवलेला संदेश एडिट करून पुन्हा पाठवला असेल तर त्याची जुनी आणि नवी, दोन्ही रूपं फाईलमधल्या `mapping` या भागात असतात. म्हणून एकाच प्रॉम्प्टच्या दोन-तीन आवृत्त्या निघाल्या तर गोंधळू नका. ज्या आवृत्तीच्या खाली तुमचं साठवलेलं उत्तर आहे, ती खरी.

## उत्तराची पहिली प्रत शोधा

माझ्या मते सर्वांत जास्त हाती लागतं ते इथे. तुमच्याजवळ आज जे उत्तर आहे ते बहुधा हाताने साफ केलेलं आहे. सुरुवातीची प्रस्तावना उडवली, शेवटचं वाक्य काढलं, एखादा परिच्छेद खालीवर केला. नेमकं जे उडवलं, त्यातच प्रॉम्प्टचं प्रतिबिंब असतं. एआय बऱ्याचदा उत्तराच्या सुरुवातीला तुमची मागणी आपल्या शब्दांत पुन्हा सांगतं, कोणासाठी, किती लांबीचं, काय वगळून, आणि शेवटी अजून काय करून देता येईल ते सुचवतं. या दोन ओळी प्रॉम्प्टच्या सर्वांत जवळच्या.

फाईल गुगल डॉक्समध्ये असेल तर `File` → `Version history` → `See version history` उघडा आणि ब्राउझरच्या इतिहासातून मिळालेल्या वेळेच्या लगेच नंतरची आवृत्ती बघा. बाजूच्या यादीत एकेका नोंदीखाली लहान नोंदी दडलेल्या असतात, बाण दाबून त्या उघडा. वनड्राइव्हवर ठेवलेल्या वर्ड फाईललाही असाच आवृत्ती इतिहास असतो. मेलमध्ये पेस्ट केलं असेल तर पाठवलेल्या पहिल्याच मेलमधला मजकूर घ्या, पुढच्या उत्तरांमधला नको.

मैत्रिणीला पहिल्या आवृत्तीत वरची ओळ मिळाली. त्यात असा अर्थ होता की हा सारांश मूळ अहवाल न वाचणाऱ्यांसाठी आहे आणि प्रत्येक मुद्द्याखाली घ्यायचा निर्णय दिला आहे. म्हणजे वाचक कोण हे तिने सांगितलं होतं. तिला ते अजिबात आठवत नव्हतं. आवृत्त्यांच्या त्याच यादीत आणखी एक गोष्ट निघाली. तिने एक लांब उत्तर पेस्ट करून खोडलं होतं आणि नऊ मिनिटांनी त्या जागी छोटं उत्तर आणलं होतं. याचा अर्थ चांगलं उत्तर पहिल्या फटक्यात आलंच नव्हतं. मध्ये किमान एक दुसरी सूचना होती, ‘अजून छोटं कर’ अशा धर्तीची.

असं फार वेळा होतं. आपण ‘तो प्रॉम्प्ट’ म्हणून एक वाक्य शोधत असतो, प्रत्यक्षात तो दोन-तीन सूचनांचा क्रम असतो. पहिलीच सूचना शोधून तुम्ही ‘जमत नाही’ म्हणून सोडून द्याल, आणि कमाल दुसऱ्या सूचनेची असेल.

याच टप्प्यावर चॅटच्या बाहेर राहणाऱ्या सेटिंग्जही तपासा. चॅटजीपीटीत सेव्ह झालेल्या मेमरी चॅट डिलीट केल्याने जात नाहीत. `Settings` → `Personalization` मध्ये त्या बघता येतात, आणि कायमच्या सूचना म्हणजे कस्टम इन्स्ट्रक्शन्सही तिथेच असतात. तेव्हाच्या सूचना आणि आजच्या सूचना एकच आहेत का, याचा विचार करा. मध्येच बदलल्या असतील तर अगदी अक्षरशः तोच प्रॉम्प्टही वेगळं उत्तर देईल.

## उरलेलं उत्तरावरून बांधा

एवढं करूनही प्रॉम्प्ट शब्दशः मिळाला नाही, तर उलट काम करावं लागतं. साठवलेलं उत्तर एआयला देऊन ‘हे कोणत्या प्रॉम्प्टने आलं असेल’ असं विचारण्याचा मोह होतो. त्यातून एखादा छान प्रॉम्प्ट निघतोही, पण तो अंदाज असतो. उत्तरात जे जे दिसतं ते सगळं त्यात सूचना म्हणून घातलं जातं आणि तुम्ही खरोखर काय लिहिलं होतं ते त्या गर्दीत हरवतं. तीन आठवड्यांपूर्वी मी काय लिहिलं होतं, असं नव्या चॅटमध्ये विचारणंही तसंच. डिलीट झालेलं चॅट समोर नसताना आलेलं उत्तर रचलेलं असू शकतं.

त्यापेक्षा कोरा पाया घ्या. तीच मूळ फाईल अपलोड करा आणि सर्वांत साधी सूचना द्या, उदाहरणार्थ ‘या अहवालाचा सारांश दे’. नवीन चॅट उघडून हे तीनदा करा. एकाच सूचनेला दर वेळी थोडं वेगळं उत्तर येतं, त्यामुळे एका उत्तरावरून निष्कर्ष काढता येत नाही. आता ही तीन साधी उत्तरं आणि तुमचं साठवलेलं उत्तर शेजारी ठेवा. साध्या उत्तरांत जे आपोआप येतंय ते प्रॉम्प्टमध्ये असण्याची गरज नाही, ती मॉडेलची सवय आहे किंवा मूळ अहवालातूनच आलेलं आहे. साठवलेल्या उत्तरात आहे पण तिन्ही साध्या उत्तरांत नाही, तेच तुमच्या सूचनांचं काम.

मैत्रिणीच्या बाबतीत चार फरक निघाले. प्रत्येक परिच्छेद आकड्याने सुरू होत होता. तांत्रिक नावं एकदाच येऊन पुढे साधे शब्द होते. प्रत्येक मुद्द्याच्या शेवटी निर्णयाची ओळ होती. आणि कुठेच बुलेट नव्हते, सगळे सलग परिच्छेद होते. साध्या उत्तरांत मात्र तिन्ही वेळा बुलेट आणि ठळक उपशीर्षकं आली.

आता एकेक सूचना वाढवत जा, एका वेळी एकच. ‘मूळ अहवाल न वाचणाऱ्या व्यवस्थापकांसाठी’ एवढं घातल्याबरोबर तांत्रिक नावं आपोआप कमी झाली. म्हणजे साध्या भाषेची वेगळी सूचना कदाचित नव्हतीच, ती वाचकाच्या उल्लेखातून आली होती. ‘प्रत्येक मुद्द्याखाली कोणता निर्णय घ्यायचा ते एका ओळीत लिही’ याने निर्णयाच्या ओळी आल्या. ‘निम्म्यावर आण, पण आकडे सोडू नको’ ही दुसरी सूचना दिल्यावर आकडे परिच्छेदाच्या सुरुवातीला सरकले. त्यात तर्क आहे, कमी जागेत आकडे टिकवायचे म्हटलं की ते पुढे येतात.

बुलेटचं कोडं मात्र सुटेना. कोणत्याही सूचनेशी त्याचा संबंध लागत नव्हता. शेवटी ते कस्टम इन्स्ट्रक्शन्समध्ये सापडलं. तेव्हा तिथे ‘यादी न करता सलग लिही’ असं लिहिलेलं होतं आणि मध्यंतरी दुसऱ्या कामासाठी तिने ते काढून टाकलं होतं. एखादं वैशिष्ट्य प्रॉम्प्टच्या कोणत्याच शब्दाने येत नसेल, तर चॅटबाहेरच्या सेटिंगकडे बघायची वेळ आली असं समजा.

या चाचण्या एकाच चॅटमध्ये एकाखाली एक करू नका. आधीची उत्तरं संदर्भात राहतात आणि पुढचं उत्तर त्यांच्याकडे झुकतं. मग कोणत्या शब्दाने काय बदललं ते कळत नाही. दर चाचणीला नवीन चॅट, तीच फाईल, तेच मॉडेल. पहिलं उत्तर ज्या मॉडेलने दिलं ते आठवत असेल आणि अजून निवडता येत असेल तर तेच घ्या. ते बंद झालं असेल तर काही फरक कायमचे राहतील. शब्दांची निवड, वाक्यांची लय अशा गोष्टी प्रॉम्प्टने परत आणण्याचा हट्ट तेव्हा सोडावा लागतो.

## जुळलं की नाही हे कसं ओळखायचं

तेच उत्तर शब्दाला शब्द परत येईल ही अपेक्षा ठेवू नका. मूळ प्रॉम्प्ट अक्षर न अक्षर हाती असता तरी तसं झालं नसतं, कारण मॉडेल पुढचा शब्द शक्यतांमधून निवडतं. म्हणून तुलना वाक्यांची नको, वैशिष्ट्यांची करा. वर काढलेले चार फरक कागदावर घ्या आणि बांधलेला प्रॉम्प्ट वेगवेगळ्या नव्या चॅटमध्ये पाच वेळा चालवा. चारही गोष्टी किमान चार वेळा आल्या तर प्रॉम्प्ट कामाचा आहे, असं मी धरतो. एखादी गोष्ट दोनदाच आली, तर तिची सूचना अपुरी आहे किंवा मुळातच ती योगायोगाने आली होती.

त्यानंतर तोच प्रॉम्प्ट दुसऱ्या फाईलवर लावा. ही चाचणी टाळू नका. पहिल्या फाईलवर सगळं जुळतं आणि दुसऱ्यावर फसतं, असं झालं तर मूळ मजकुराचं श्रेय तुम्ही चुकून प्रॉम्प्टला दिलं होतं, हे तिथे उघड होतं. मैत्रिणीच्या नव्या अहवालात आकडेच कमी होते, त्यामुळे परिच्छेद आकड्याने सुरू होईनात. जुन्या सारांशाची ती खासियत निम्मी जुन्या अहवालाचीच होती. निर्णयाच्या ओळी आणि साधी भाषा मात्र नव्या अहवालातही पाचही वेळा नीट आली, आणि तिला हवं होतं तेही तेवढंच.

बांधून झालेला प्रॉम्प्ट साठवताना नुसतं वाक्य ठेवू नका. एका फाईलमध्ये सूचनांचा पूर्ण क्रम, मॉडेलचं नाव, तारीख, त्या वेळच्या कस्टम इन्स्ट्रक्शन्स, मूळ फाईलचं नाव आणि हात न लावलेलं पहिलं उत्तर एकत्र ठेवा. पहिलं उत्तर प्रस्तावनेसकट ठेवा, कारण मॉडेल बदललं की हीच जुळवाजुळव पुन्हा करावी लागते आणि तेव्हा तुलनेला तेच लागतं.